‘फोल्डर शेअर केलाय, सगळं त्यात आहे’

अकाउंटंट नोकरी सोडतो तेव्हा शेवटच्या दिवशी हे वाक्य हमखास बोललं जातं. ते खोटंही नसतं. फोल्डरमध्ये बँकेच्या जुळवणीची शीट असते, पार्ट्यांच्या देण्यांची यादी असते, जीएसटीचा ताळा असतो, पगाराची कच्ची शीट असते. नसतं ते एवढंच, की यातला कुठला आकडा पक्का, कुठला अर्धवट आणि कुठला नुसता अंदाज. ते जाणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि डोकं शेअर करता येत नाही. म्हणून नोट लिहावी लागते.

सरकारी नोकरीत याला रीत आहे. तलाठी किंवा ग्रामसेवक बदलला की दप्तराची यादी होते, चार्ज देणारा आणि घेणारा दोघेही सह्या करतात. कंपनीचा लेखापरीक्षक बदलला तर नव्या चार्टर्ड अकाउंटंटने काम स्वीकारण्यापूर्वी जुन्याला लेखी कळवणं १९४९च्या कायद्यानेच बंधनकारक केलं आहे. पण खासगी कारखान्यात रोजची पुस्तकं लिहिणारा अकाउंटंट गेला, तर त्याने मागे काय लिहून ठेवावं याचा नमुना कुठेही नाही. प्रत्येकजण आपल्या परीने लिहितो, आणि बहुतेकजण फोल्डरमधल्या फाइलींची यादी लिहून मोकळे होतात. ती यादी निरुपयोगी असते, कारण फाइलींची नावं नव्या माणसाला पडद्यावर दिसतच असतात.

एक उदाहरण घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हिशेब टॅलीत, आणि टॅलीबाहेरची सगळी कामं गुगल ड्राइव्हवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये. जीएसटीची विवरणपत्रं दरमहा भरली जातात. जुन्या अकाउंटंटचा शेवटचा दिवस शुक्रवार, ९ जानेवारी २०२६. नवी अकाउंटंट सोमवारी, १२ तारखेला रुजू होणार. म्हणजे दोघांची गाठ पडणारच नाही. जे बोलायचं ते नोटनेच बोलायचं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे एक तारीख ठरवणं. इथे ३१ डिसेंबर २०२५. त्या तारखेचा टॅलीतला ट्रायल बॅलन्स छापायचा, टॅलीचा बॅकअप घ्यायचा आणि नोटमधलं प्रत्येक वाक्य त्या तारखेला बांधायचं. ‘बँक जवळजवळ जुळलेली आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘३१ डिसेंबरला टॅलीत इतके, स्टेटमेंटला इतके, फरक इतका आणि तो या चार गोष्टींमुळे’ याला अर्थ आहे. माझ्या मते चार्जची नोट म्हणजे फरकांची नोट. जे जुळलेलं आहे ते नवी व्यक्ती स्वतः पाहून घेईल. जे जुळत नाही ते का जुळत नाही, एवढंच तिला दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

आता बँकेची शीट उघडू. `Bank_Reco_FY26` या शीटमध्ये नोव्हेंबरपर्यंतची पानं नीट आहेत आणि डिसेंबरचं पान अर्धं सोडलेलं आहे. ३१ डिसेंबरला टॅलीतल्या बँक लेजरची शिल्लक ६,४२,३१० रुपये, बँकेच्या स्टेटमेंटवर ७,१८,९४०. बँकेत ७६,६३० रुपये जास्त दिसतात. शोध घेतला की फरक असा उलगडतो. आपण दिलेले पण अजून न वटलेले दोन चेक, ५९,५०० आणि ४५,००० रुपयांचे, म्हणून बँकेत १,०४,५०० जास्त. एका ग्राहकाचा ४९,७०० रुपयांचा चेक ३१ तारखेला भरला, तो अजून जमा नाही, म्हणून तेवढे कमी. बँकेने कापलेले १,७७० रुपये आपण पुस्तकात घेतलेले नाहीत, तेही कमी. आणि २३,६०० रुपयांचं एक एनईएफटी आलं आहे, ते कुणाचं हे कळलेलं नाही. जास्तीच्या दोन रकमांतून कमीच्या दोन वजा करा, बरोबर ७६,६३० उरतात.

शीट पुरी झाली, फरक सुटला, असं इथे कुणालाही वाटेल. पण नोट लिहिणाऱ्याचं काम इथून सुरू होतं, कारण या ओळींचं वजन सारखं नाही. ४९,७०० चा चेक २ जानेवारीला जमा झाला. तो विषय संपला. बँकेचे १,७७० म्हणजे १,५०० शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एक एंट्री मारली की झालं. ४५,००० चा चेक मात्र २० सप्टेंबरचा आहे. चेकची मुदत तीन महिन्यांची असते, हा नियम २०१२च्या एप्रिलपासून आहे. म्हणजे २० डिसेंबरनंतर हा चेक वटणारच नव्हता, तरी शीटमध्ये तो ‘न वटलेला’ म्हणून महिन्यामागून महिना पुढे ओढला गेला. अशी ओळ दिसली की तिच्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

इथे काय घडलं ते दुसऱ्या फाइलीत कळतं. देण्यांच्या शीट तीन आहेत : `Creditors_Final`, `Creditors_Final_2` आणि `Copy of Creditors_Final`. जाणाऱ्याने वापरात ठेवलेली शीट दुसरी. तिची बेरीज १८,८१,२०० रुपये आणि टॅलीत देण्यांची एकूण रक्कम १८,३६,२००. फरक ४५,०००. योगायोग नाही. पार्टीला चेक मिळायला उशीर झाला, तिने तगादा लावला, म्हणून ३ ऑक्टोबरला तीच रक्कम एनईएफटीने पाठवली. टॅलीत चेकची एंट्री तशीच राहिली आणि एनईएफटीची नवी पडली. एकाच बिलाचे पैसे पुस्तकात दोनदा गेले आणि पार्टीच्या लेजरला ४५,००० ची उलटी, म्हणजे डेबिट शिल्लक आली. शीट बनवताना जाणाऱ्याने फक्त ज्यांचं देणं आहे अशाच पार्ट्या घेतल्या, ही उलटी शिल्लक गाळली, म्हणून शीट आणि टॅली जुळेना. चेकची एंट्री उलटवली की बँकेची जुनी ओळ जाते आणि देणीही १८,८१,२०० वर येऊन बसतात. दोन फाइलींतले दोन फरक म्हणजे मुळात एकच चूक.

नोटमध्ये हे असं उतरावं : ‘२० सप्टेंबरचा ४५,०००चा चेक आणि देण्यांमधला ४५,०००चा फरक एकच आहेत. पैसे ३ ऑक्टोबरला एनईएफटीने गेले आहेत, पावती पार्टीच्या फाइलीला आहे. चेक पार्टीकडेच आहे, तो परत मागितलेला नाही. उलटी एंट्री मी केलेली नाही. तुम्ही पार्टीकडून लेजर मागवून खात्री करा आणि मगच करा.’ पाच छोटी वाक्यं. ती नसतील तर नवी अकाउंटंट बँकेची शीट वेगळी सोडवणार, देण्यांची वेगळी, आणि बहुधा दोन्हीकडे दुरुस्ती करून नवाच फरक तयार करणार.

२३,६०० च्या अनोळखी रकमेबद्दल लिहिताना वेगळी काळजी लागते. २०,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की २३,६०० होतात, म्हणजे हे कुठल्यातरी बिलाचेच पैसे असणार, हा चांगला तर्क आहे. पण तेवढ्याच रकमेची बिलं दोन ग्राहकांकडे बाकी असतील तर तो तर्कच राहतो. नोटमध्ये जमा झाल्याची तारीख, व्यवहाराचा यूटीआर नंबर, स्टेटमेंटवर नाव अर्धवट जसं दिसतं तसं, आणि ‘अमक्या ग्राहकाला फोन केला, उत्तर आलेलं नाही’ हे लिहावं. पुढे ‘माझा अंदाज पहिल्या ग्राहकाचा’ असं लिहायला हरकत नाही. फक्त अंदाज हा शब्द गाळू नये. चुकीच्या ग्राहकाच्या खात्यात जमा केलेली रक्कम सहा महिन्यांनी त्याच्या लेजरशी ताळा घालताना वर येते आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नाही.

त्या तीन देण्यांच्या शीटबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण सामायिक फाइलींचा खरा धोका इथे आहे. सगळ्यात शेवटी बदललेली शीट तीच खरी, असं आपण धरून चालतो. या फोल्डरमध्ये सगळ्यात अलीकडची तारीख आहे `Copy of Creditors_Final` वर. स्टोअरमधल्या कुणीतरी पार्टीचं नाव शोधायला ती उघडली आणि नावांचा फक्त एक कॉलम निवडून अकारविल्हे लावून टाकला. नावं हलली, शेजारच्या रकमा जागच्या जागी राहिल्या. आता एका पार्टीसमोर दुसरीचं देणं आहे. गंमत अशी की बेरीज तीच राहते, त्यामुळे एकूण आकडा पाहून ही मोडतोड कधीच सापडत नाही. ती पकडायची असेल तर पाच-सहा पार्ट्या निवडून त्यांची रक्कम टॅलीतल्या लेजरशी ताडून बघावी लागते. जाणाऱ्याने खरी शीट कोणती हे लिहावंच, पण त्या शीटच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन ३१ डिसेंबरच्या प्रतीला नावही देऊन ठेवावं. मग पुढे कुणीही काहीही हलवलं तरी त्या प्रतीवर परत जाता येतं. बाकीच्या दोन शीट पुसू नयेत. ‘जुनं’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकाव्यात आणि नोटमध्ये तसं सांगावं.

रंगांचा घोळ याहून साधा आणि जास्त महागात पडणारा. देण्यांच्या शीटमध्ये पिवळ्या रंगाचा अर्थ ‘साहेबांनी पैसे द्यायला हो म्हटलं आहे’ असा आहे. जीएसटीच्या शीटमध्ये तोच पिवळा म्हणजे ‘पार्टीला फोन केला, बिल अजून पोर्टलवर नाही’. अर्थ कुठेच लिहिलेला नाही. नवी अकाउंटंट एका फाइलीतला अर्थ दुसरीला लावणार, आणि ज्याचे पैसे अडवून ठेवायचे होते त्यालाच आधी पाठवणार. प्रत्येक शीटच्या वरच्या ओळीत रंगाचा अर्थ लिहायला पाच मिनिटं पुरतात.

त्या जीएसटीच्या शीटचं काम असं. आपण खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं, तर पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं असावं लागतं. ते दाखवलं की पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या पत्रकात आपल्या नावावर दिसतं. दिसलं नाही तर क्रेडिट नाही. आपल्या उदाहरणात ऑक्टोबरचं ७२,००० चं एक बिल आहे, त्यावर १२,९६० रुपये कर, आणि पुरवठादाराने ते अजून दाखवलेलं नाही. टॅलीत खरेदीची एंट्री ऑक्टोबरमध्येच पडली, म्हणून टॅलीतलं क्रेडिट पोर्टलवरच्यापेक्षा १२,९६० ने जास्त दिसतं. इथे नोटमधलं एकच वाक्य निर्णायक आहे : ‘हे क्रेडिट आजवरच्या कुठल्याही ३बीमध्ये घेतलेलं नाही.’ हे कळलं नाही तर पुढे दोनच गोष्टी होतात. बिल पोर्टलवर आलं तरी घेतलं असेल म्हणून सोडून दिलं जातं, किंवा आधी घेतलेलं असताना पुन्हा घेतलं जातं आणि व्याजासह परत करायची वेळ येते. चालू वर्षाच्या बिलाचं क्रेडिट साधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, म्हणजे इथे ३० नोव्हेंबर २०२६. तोपर्यंत हा विषय लक्षात ठेवायला जुना अकाउंटंट तिथे नसेल. कागद असेल.

याच शीटमध्ये एक छुपं दुखणं आहे. दर महिन्याचे खरेदीचे आकडे दुसऱ्या फाइलीतून आपोआप यावेत म्हणून जाणाऱ्याने हे सूत्र टाकलं होतं :

```
=IMPORTRANGE("<source file URL>", "Dec!A2:F200")
```

ती दुसरी फाइल त्याच्या स्वतःच्या, घरच्या जीमेलवर आहे. छोट्या कंपन्यांत हे सर्रास चालतं. घाईत जिथे लॉगिन असेल तिथेच शीट बनते. तो गेला, महिनाभराने त्याने ड्राइव्ह साफ केलं, की इकडे आकड्यांच्या जागी `#REF!` उमटतं. कंपनीच्या खात्यात शीटची प्रत काढली तरी सुटका नाही, कारण प्रतीतलं सूत्रही त्याच जुन्या फाइलीकडे बोट दाखवतं. म्हणून आधी मूळ फाइलीची प्रत कंपनीच्या खात्यातून काढायची, मग सूत्रातला पत्ता बदलायचा, किंवा सरळ आकडे कॉपी करून ‘फक्त मूल्यं’ म्हणून चिकटवायचे. प्रतीबरोबर जुना इतिहास येत नाही, तोही मुद्दा ध्यानात ठेवावा. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीचा मालक कोण हे ड्राइव्हमध्ये दिसतं. शेवटच्या आठवड्यात हा एक कॉलम वरपासून खालपर्यंत वाचून काढावा.

तारखांचं पान छोटं असलं तरी चालेल, पण ते हवंच. आपल्या उदाहरणात तर मध्येच एक सापळा आहे. डिसेंबरचा टीडीएस ७ जानेवारीपर्यंत भरायचा, तो जुन्याच्या हातून गेला. विक्रीचं जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ तारीख, आणि तो रविवार. जुना शुक्रवारी गेला, नवी सोमवारी आली, आणि विवरणपत्र दोघांच्या मधल्या फटीत पडलं. ते शुक्रवारी भरून, पोचपावतीचा क्रमांक नोटमध्ये लिहूनच उठायला हवं. त्यानंतर १५ तारखेला पीएफ आणि ईएसआय, २० तारखेला ३बी, ३१ तारखेला तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र. प्रत्येक तारखेपुढे ‘काय तयार आहे आणि काय नाही’ एवढं लिहिलं की पुरे.

फाइलींत कधीच न सापडणारी गोष्ट म्हणजे तोंडी ठरलेले व्यवहार. एका हेल्परने घरच्या अडचणीसाठी उचल घेतली आणि साहेबांनी जिन्यात सांगितलं, दरमहा दोन हजार कापा, दिवाळीच्या महिन्यात कापू नका. एका पार्टीशी ठरलं आहे की पंधरा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट. एका ग्राहकाने माल नापसंत केला आहे आणि क्रेडिट नोट द्यायचं फोनवर कबूल झालं आहे. हे सगळं आठवून लिहायचं म्हटलं तर निम्मं सुटतं. चांगला उपाय म्हणजे गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर घेऊन ओळीवर बोट ठेवत जाणं. ज्या ओळीला कागद नाही, तिथे एक तोंडी ठराव दडलेला असतो.

नोटमध्ये काय नको, तेही बघू. पासवर्ड नकोत. ते मालकाकडे वेगळे द्यावेत आणि त्याच दिवशी बदलावेत. बँकेच्या पोर्टलवर पेमेंट तयार करायचा अधिकार जाणाऱ्याच्या नावावर असेल तर तो काढून घ्यावा. टॅलीत नव्या व्यक्तीने जुन्याच्या नावाने काम करू नये. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, आणि ती नोंद चुकीच्या नावावर पडली तर दोघांच्याही अंगाशी येते. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे हेही तपासावं. तो जाणाऱ्याचा असेल, तर २० तारखेच्या रात्री अकरा वाजता ओटीपी त्याच्या फोनवर जाणार आणि तो कदाचित नव्या नोकरीतल्या ३बीमध्येच गुंतलेला असणार.

आणि एक गोष्ट तर करूच नये : शेवटच्या संध्याकाळी फरक ‘जुळवून टाकणं’. स्वच्छ पुस्तकं मागे ठेवावीत असं प्रत्येकाला वाटतं, त्या ओढीने एक जर्नल एंट्री मारली जाते आणि सस्पेन्स खातं शून्यावर येतं. फरक गेला असं वाटतं. गेला असतो तो फक्त त्याचा माग. नव्या अकाउंटंटने रुजू झाल्यावर जुन्याच्या शेवटच्या दहा दिवसांचं डे बुक उघडून जर्नल एंट्र्या आधी वाचाव्यात. ज्या एंट्रीचा तपशील रिकामा आहे किंवा नुसतं ‘ॲडजस्टमेंट’ असं लिहिलं आहे, तिथे थांबावं. प्रामाणिकपणे उघडा ठेवलेला २३,६०० चा फरक हा अशा शून्यापेक्षा कितीतरी चांगला वारसा आहे.

एवढं सगळं लिहून नोट चार-पाच पानांच्या वर जाऊ नये. गेली, तर फरकांऐवजी कामाचं वर्णन लिहिलं गेलं आहे असं समजावं.

मालकांना एक विनंती. ही नोट तुमच्या टेबलावर येते तेव्हा तीत तीन-चार ओळी अशा असतातच, ज्यांचं उत्तर ना जुन्याकडे असतं ना नव्याकडे : त्या ग्राहकाला क्रेडिट नोट द्यायची का, हेल्परची उचल कधीपर्यंत कापायची, बिल न दाखवणाऱ्या पुरवठादाराचे पैसे अडवायचे का. त्यांच्यापुढे उत्तर स्वतःच्या हाताने लिहा, सही करा, आणि हे जाणारा माणूस अजून समोर बसलेला असतानाच करा.